पाच मात्रा: आकडे मोजावेत की ‘तदिगिणतोम’ म्हणावं?

मृदंगम शिकू लागलेली भाची विचारते: पाच मात्रा आकड्यांनी मोजू की सोल्लुकट्टूने, म्हणजे तोंडाने म्हणायच्या बोलांनी?

आकडे पहिल्याच दिवशी जमतात. पण लय दुप्पट केली की ‘एक दोन तीन’ जिभेवर अडखळतं; हाताने आदि तालाचे आठ ठोके चालू असतील तर दोन मोजण्या एकमेकींत मिसळतात. ‘त दि गि ण तोम’ घोटायला वेळ लागतो, मग मात्र पाचाचा गठ्ठा एका दमात निघतो. ठोक्याला चार मात्रा धरून तो तीनदा म्हण: १५ मात्रा. आठ ठोक्यांच्या ३२ मधून त्या वजा केल्या की उरतात १७, म्हणून पाचव्या ठोक्याच्या दुसऱ्या मात्रेवर उचल आणि शेवटच्या ‘तोम’नंतर लगेच सम. सम पुढे गेली, तर आधी ‘तोम’ लांबतोय का ते ऐक.

कागदावर हिशेब मांडायला आकडे घे. वाजवायला बसशील तेव्हा बोलच.