मोटारीच्या जाहिरातीचा प्रॉम्प्ट : आऱ्या दिसणारे चाक की धूसर चाक?

ओल्या रस्त्यावरून वेगात जाणारी मोटार आणि तिच्या बाजूने धावणारा कॅमेरा, असे दृश्य व्हिडिओ मॉडेलकडून करून घेताना चाकाबद्दल दोन प्रकारे लिहिता येते. एक म्हणजे ‘चाके अचूक फिरताना स्पष्ट दिसावीत’ अशी थेट मागणी करणे. दुसरे म्हणजे फिरण्याचा उल्लेख टाळून खऱ्या कॅमेऱ्याला जे दिसले असते तेच सांगणे.

पहिल्या पद्धतीची अडचण हिशेबातच आहे. साधारण दोन मीटर घेराचे चाक ताशी ७२ किलोमीटर वेगाला सेकंदाला दहा फेरे घेते, म्हणजे २४ फ्रेमच्या चित्रणात प्रत्येक फ्रेमला १५० अंश. पाच आऱ्यांचे चाक दर ७२ अंशांनी पूर्वीसारखेच दिसत असल्याने डोळ्याला त्यातले केवळ सहा अंश पुढे सरकलेले जाणवतात. ताशी ६९ च्या आसपास चाक थांबल्यासारखे आणि त्याहून किंचित कमी वेगाला उलटे फिरल्यासारखे भासते. थोडक्यात, या वेगाला आऱ्या सुस्पष्ट हव्यात आणि फिरणेही खरे वाटावे, हा हट्ट प्रत्यक्ष कॅमेऱ्यालाही पुरवता येत नाही. मॉडेल तर असे गणित मांडतही नाही. ते पाहिलेल्या चित्रणासारखे काहीतरी रचते.

दुसऱ्या पद्धतीत मी असे लिहीन : ‘कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, मोटारीला समांतर, तिच्याच वेगाने. बॉडी रेखीव, आऱ्या विरघळून गोल धूसर चकती, तिच्यामागे ब्रेक कॅलिपर स्थिर. ओल्या डांबरावर मोटारीचे उलटे प्रतिबिंब तिच्यासोबत सरकणारे.’ शटर १/४८ सेकंद उघडे असेल तर तेवढ्यात चाक ७५ अंश फिरते, म्हणजे दोन आऱ्यांमधले अंतर पूर्ण भरून निघते. म्हणून धूसरपणा हीच इथली अचूकता. कॅमेरा खाली ठेवण्यालाही कारण आहे : नजर जितकी तिरपी, तितके ओल्या पृष्ठभागावरचे प्रतिबिंब ठळक.

निकाल फ्रेम-फ्रेमने पाहावा. कॅलिपर चाकासोबत फिरू लागला, किंवा प्रतिबिंब टायरच्या टेकण्याच्या जागेपासून सुटले, तर ती चित्रफीत टाकून द्यावी. प्रतिबिंबातले चाक मात्र उलट्या दिशेने फिरलेले दिसणे बरोबरच असते, तिथे घाईने चूक काढू नये.

अर्थात धूसर चाकात अलॉयची नक्षी हरवते, आणि ग्राहकाला नेमकी तीच दाखवायची असेल तर पहिली पद्धत निवडावी, पण वेग ताशी १५ किलोमीटरपर्यंत उतरवूनच. तेव्हा चाक प्रत्येक फ्रेमला सुमारे ३१ अंश फिरते, ते ७२ च्या निम्म्या, म्हणजे ३६ अंशांच्या मर्यादेत असल्याने दिशा फसवत नाही. वेगाचा शॉट त्यानंतर वेगळा करून जोडावा.