जास्तीचे पैसे पाठवणारं गिऱ्हाईक: जुनं घड्याळ विकताना झालेली फसवणूक

माझं जुनं ऑटोमॅटिक घड्याळ विकायला काढलं आणि त्या व्यवहारात माझी फसवणूक झाली. घड्याळ माझ्याकडेच राहिलं, पैसे मात्र गेले, आणि तेही माझ्याच खात्यातले. ही पद्धत अजून सर्रास चालू आहे आणि तिच्यातली मेख भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही, म्हणून सगळं तपशिलात लिहितोय.

आधी किमतीबद्दल सांगतो, कारण पुढचा सगळा प्रकार त्या आकड्याभोवतीच घडला. हिशोब सोपा जावा म्हणून असं धरू की हेच मॉडेल नवं घेतलं तर 100 पडतात. जाहिरातींमध्ये जुन्या घड्याळांना 70 ते 80 मागितलेले दिसत होते. पण मागितलेली किंमत ही विकणाऱ्याची इच्छा असते. म्हणून मी फक्त विकली गेलेली घड्याळं शोधली, तीही नेमक्या त्याच मॉडेल नंबरची. ती 58, 60, 61 आणि 64 ला गेली होती. एक 75 ला गेलं होतं, पण ते न वापरलेलं, खोका आणि वॉरंटी कार्डासकट होतं, त्यामुळे ते बाजूला ठेवलं. बाकीची नुकतीच सर्व्हिसिंग झालेली होती, माझ्या घड्याळाची होऊन बरीच वर्षं झाली होती. सर्व्हिसिंगला साधारण 10 लागतात. घड्याळ चांगलं चालत होतं, म्हणून निम्मा भार मी उचलायचा असं ठरवून त्या चौघांच्या साधारण 61 या सरासरीतून 5 वजा केले आणि 56 मागितले. दुकानदाराने याहून बराच कमी भाव दिला असता, कारण त्याला सर्व्हिसिंग, गॅरंटी आणि स्वतःचा नफा त्यातूनच काढायचा असतो.

त्यानंतर घड्याळाची स्थिती नोंदवली. खिडकीजवळच्या मऊ उजेडात डायल, काटे, काच, काचेभोवतीचं कडं म्हणजे बेझल, मागचं झाकण आणि पट्ट्याच्या कडीचं कुलूप यांचे जवळून फोटो काढले. मऊ उजेडात ओरखडे लपतात, म्हणून टॉर्च आडवी धरून पुन्हा एक संच काढला. घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या डबीच्या, म्हणजे केसच्या, कडा पूर्वी कधीतरी पॉलिश केल्यामुळे थोड्या गोलसर झाल्या होत्या, त्याचा वेगळा फोटो घेतला. पट्ट्याच्या किती कड्या आहेत आणि सुट्या किती, तेही लिहिलं. पाण्याची चाचणी केलेली नव्हती, म्हणून ‘पाण्यात वापरू नये’ असं स्पष्ट लिहिलं. एका फोटोत घड्याळाशेजारी तारीख लिहिलेला कागद ठेवला. जाहिरातीतल्या फोटोत सिरीयल नंबरचे शेवटचे आकडे झाकले, कारण असे फोटो उचलून लोक दुसऱ्याचं घड्याळ आपलं म्हणून विकायला काढतात.

माझ्या घड्याळात ईटीए 2824-2 मूव्हमेंट, म्हणजे आतली यंत्रणा, आहे, तासाला 28,800 ठोक्यांची. घड्याळजींकडे टाइमग्राफरवर, म्हणजे घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर, ते ठेवून व्हिडिओ काढला. डायल वर असताना दिवसाला 6 सेकंद पुढे आणि ॲम्प्लिट्यूड, म्हणजे आतलं चक्र किती झुलतं तो आकडा, 272 अंश, उभं ठेवल्यावर 2 सेकंद पुढे आणि 248 अंश. यात एक बारीक गोष्ट आहे. ॲम्प्लिट्यूड काढण्यासाठी यंत्राला मूव्हमेंटचा लिफ्ट अँगल नावाचा कोन सांगावा लागतो. या मूव्हमेंटचा तो 50 अंश आहे, पण बऱ्याच टाइमग्राफरवर तो आपोआप 52 असतो. तो बदलला नाही तर ॲम्प्लिट्यूड दहा-अकरा अंशांनी जास्त दिसतं आणि घड्याळ आहे त्यापेक्षा तंदुरुस्त वाटतं. घड्याळजींनी तो आधी 50 केला आणि मग आकडे घेतले. व्हिडिओत ती सेटिंगही दिसते.

जाहिरात टाकल्यावर लगेचच एकाचा मेसेज आला. ‘सर, मला पसंत आहे, जाहिरात काढून टाका, पैसे आजच पाठवतो.’ घासाघीस नाही. सर्व्हिसिंग कधी झाली, कडा किती झिजल्या, पट्टा मनगटाला पुरेल का, यातलं काहीच विचारलं नाही. जुनं घड्याळ घेणारा खरा माणूस पहिल्या पाच मिनिटांत हेच विचारतो, कारण त्याचे पैसे जाणार असतात. या माणसाला घड्याळ नकोच होतं, त्यामुळे त्याला प्रश्नही पडले नाहीत.

त्याने सांगितलं की तो कामानिमित्त बाहेरगावी असतो, घड्याळ न्यायला त्याचा वाहतुकीचा माणूस येईल. मग बँकेचा ड्राफ्ट आला, 56 ऐवजी 80 चा. पाठोपाठ मेसेज: ‘सर, ऑफिसच्या मुलीने वाहतुकीचे पैसेही त्यातच घातले. ड्राफ्ट जमा झाला की वरचे 24 त्या माणसाला पाठवा, तो लगेच घड्याळ न्यायला येईल.’ ड्राफ्ट एका खऱ्या बँकेच्या नावाचा होता, कागद जाड, छपाई स्वच्छ. मी तो भरला आणि थोड्याच वेळात खात्यात 80 दिसू लागले. तेवढ्यात त्याचे फोन सुरू झाले. माणूस गाडी घेऊन थांबलाय, त्याचं भाडं चढतंय, उशीर झाला तर दुसरीकडे जाईल. खात्यात पैसे दिसत असल्यामुळे मी 24 पाठवले.

वाहतुकीचा माणूस काही आला नाही. पुढे बँकेने कळवलं की ड्राफ्ट बनावट निघाला, आणि 80 च्या 80 खात्यातून परत काढून घेतले. वर परतीचं शुल्क लागलं ते वेगळंच.

यातली मेख अशी. चेक किंवा ड्राफ्ट भरला की अनेक बँका तो वटायच्या आधीच रक्कम खात्यावर दाखवतात आणि वापरूही देतात. ही बँकेने ग्राहकाला दिलेली तात्पुरती सवलत असते. कागद ज्या बँकेचा आहे तिथे पोहोचून ‘हा आम्ही दिलेलाच नाही’ असं उत्तर यायला काही दिवस लागू शकतात, कधी काही आठवडेही. त्या मधल्या काळात ठग तुम्हाला खरे पैसे पाठवायला लावतो. तुम्ही पाठवलेले 24 खरे, तुमच्याकडे आलेले 80 खोटे. म्हणून त्याला घाई असते, आणि म्हणून वरची रक्कम सहसा त्याच्या स्वतःच्या खात्यात परत मागितली जात नाही, ती बहुतेक वेळा तिसऱ्याच कोणाच्या नावावर हवी असते.

बँकेत गेल्यावर ‘बॅलन्स किती दिसतोय’ हे विचारून उपयोग नाही. विचारायचं ते असं: ‘हा चेक ज्या बँकेचा आहे तिच्याकडून पैसे खरोखर आले का, आणि आता ते परत घेतले जाऊ शकतात का?’ ड्राफ्ट असेल तर ज्या बँकेच्या नावाने आहे तिला फोन करून नंबर आणि रक्कम पडताळायची. मात्र फोन नंबर ड्राफ्टवरचा घ्यायचा नाही. माझ्या ड्राफ्टवर छापलेला नंबर त्या बँकेचा नव्हताच.

हाच प्रकार ऑनलाइन ट्रान्सफरनेही होतो, आणि तो ओळखणं जास्त अवघड, कारण तिथे खात्यात आलेले पैसे खरे असतात. फक्त ते दुसऱ्या कोणाचं खातं हॅक करून पाठवलेले असतात. मूळ मालकाने तक्रार केली की रक्कम परत मागितली जाते किंवा तुमचं खातं गोठवलं जातं, आणि तोवर ‘चुकून जास्त आले’ म्हणून तुम्ही वरची रक्कम भलत्याच खात्यात टाकलेली असते. जास्तीचे पैसे आले तर स्वतः काहीही पाठवू नका. आपल्या बँकेला सांगा की ही पूर्ण रक्कम आली तशी, आली त्याच खात्यात परत करा. खऱ्या माणसाला याची अडचण वाटत नाही.

खोट्या पावतीचा अनुभवही याच घड्याळाच्या वेळी आला. दुसऱ्या एकाने ईमेल पाठवला, वर पेमेंट कंपनीचं बोधचिन्ह, खाली मजकूर: तुमची रक्कम आमच्याकडे जमा आहे, कुरिअरचा ट्रॅकिंग नंबर कळवल्यावर ती खात्यात सोडली जाईल. मी ईमेलमधली लिंक न उघडता थेट माझ्या खात्यात लॉगिन करून पाहिलं, तिथे काहीच नव्हतं. पाठवणाऱ्याचा पत्ताही कंपनीच्या नावासारखा दिसणारा, पण मध्ये एक जादा अक्षर असलेला होता. स्क्रीनशॉटचंही तसंच. तो समोरच्याच्या फोनवरचा असतो आणि कोणीही बनवू शकतं. रक्कम आपल्या ॲपमध्ये, आपण स्वतः लॉगिन केल्यावर दिसली पाहिजे.

पैसे गेल्याचं कळलं त्याच तासात मी बँकेला ट्रान्सफर थांबवायची विनंती केली आणि पोलिसांत तक्रार दिली. मेसेज, ड्राफ्टचा फोटो, ज्या खात्यात पैसे पाठवले त्याचा तपशील, सगळं जोडलं. त्या खात्यातून रक्कम आधीच पुढे गेली होती, ती मिळाली नाही. तरीही हे करायचंच, कारण काही वेळा पैसे त्या खात्यातच अडकलेले सापडतात. चॅट मात्र रागाच्या भरात पुसू नका, तोच पुरावा असतो.

घड्याळ शेवटी 54 ला गेलं. घेणाऱ्याने आधी फोनवर बरंच काही विचारलं, व्हिडिओ मागवला, मग बँकेच्या शाखेत भेटलो. त्यांनी पट्टा मनगटावर लावून पाहिला, सिरीयल नंबर फोटोशी जुळवला. त्यांनी तिथूनच ट्रान्सफर केली, माझ्या खात्यात ती दिसली आणि शाखेतल्या कर्मचाऱ्याने पक्की असल्याचं सांगितलं, तेव्हा घड्याळ दिलं. दोघांनी पावतीवर सह्या केल्या.

काही आठवड्यांनी त्यांचा फोन आला, घड्याळ दिवसाला चार मिनिटं पुढे जातंय. आवाजात संशय होता आणि तो साहजिक होता. मी त्यांना व्हिडिओतले आकडे दाखवले आणि होकायंत्राजवळ घड्याळ धरून पाहायला सांगितलं. सुई हलली. एवढं अचानक पुढे जाणं हे बहुतेक वेळा केसांइतक्या बारीक स्प्रिंगची वेटोळी चुंबकत्वामुळे एकमेकांना चिकटल्याचं लक्षण असतं, आणि त्यांच्या फोनच्या कव्हरला चुंबक होता. घड्याळजींनी चुंबकत्व घालवणाऱ्या डीमॅग्नेटायझरवरून फिरवल्यावर ते पुन्हा 5-6 सेकंदांवर आलं. व्हिडिओ नसता तर हा वाद मिटवणं कठीण गेलं असतं. म्हणून हल्ली मित्रांना पावतीचा मसुदा करून देताना मी सिरीयल नंबर, कड्यांची संख्या, पाण्याबाबतची सूचना आणि टाइमग्राफरचे आकडे तारखेसह पावतीवरच लिहायला सांगतो, दोघांच्या सह्यांच्या वर.