सरळ पट्टी की टोकाकडे निमुळती होत जाणारी? ब्रॅकेटचा हिशोब

भिंतीतून १ मीटर बाहेर आलेला ब्रॅकेट, टोकाला १ किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलोचा लोड, लोखंडाची पट्टी २५ मिमी जाड. स्ट्रेस १५० एमपीएपर्यंत चालवायचा तर भिंतीपाशी उंची ४० मिमी लागते.

तीच ४० टोकापर्यंत नेली की कापाकापी नाही, वजन ७.८५ किलो, पण अर्ध्यावर स्ट्रेस निम्माच, टोकाकडचं लोखंड नुसतंच बसलेलं.

दुसरा पर्याय म्हणजे उंची टोकापासूनच्या अंतराच्या वर्गमुळाप्रमाणे कमी करत जायची, मग सगळीकडे १५० च येतो. टोकापासून २५० मिमीवर उंची २०, वजन ५.२ किलो, सरळ एक तृतीयांश वाचलं. पण टोक खाली किती जातं बघा, आधी १२.५ मिमी होतं ते आता २५, बरोबर दुप्पट! त्यामुळे टोक हललेलं चालत नसेल तर याचा नाद सोडा. आणि टोकाला उंची शून्य येते, तिथे शिअर घ्यायला आणि बोल्टच्या भोकाला मटेरियल ठेवावंच लागतं.

लोक काय करतात, वक्र कापायचा कंटाळा म्हणून ४० पासून टोकापर्यंत सरळ रेघ मारून मोकळे, मग त्याच २५० मिमीवर उंची १० उरते आणि स्ट्रेस ६००, पट्टी तिथेच वाकणार. सरळच कापायची असेल तर टोकाला २० ठेवा, ती रेघ वक्राला भिंतीपाशी फक्त टेकते, बाकी सगळीकडे त्याच्या वरच राहते, आणि पाव वजन तरीही वाचतं. मी तरी हीच कापतो.