सीपॅप वापरून ८ महिने झाले, घसा कधी सुधारला ते सांगतो

सीपॅप म्हणजे झोपेत श्वासाचा मार्ग बंद पडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा सोडणारं मशीन. त्याबद्दल लिहिण्यासारखं बरंच आहे पण मी घशाबद्दलच लिहितोय, कारण माझं रडगाणं तेच होतं. दीड-दोन वर्षं रोज सकाळी घसा सोलवटल्यासारखा, जीभ टाळ्याला चिकटलेली, पहिला आवंढा गिळताना नको वाटायचं. गुळण्या, ज्येष्ठमध, हळदीचं दूध, ॲन्टिबायोटिक पण घेऊन झाली. आणि दहा वाजेपर्यंत चहा-नाश्ता झाला की घसा आपोआप बरा! इन्फेक्शन असं घड्याळ लावून येत-जात नाही हे डोक्यात आलंच नाही. शेवटी बायकोने मोबाईलवर रेकॉर्डिंग ऐकवलं, घोरणं, मग एकदम शांतता, मग गुदमरून घेतलेला मोठा श्वास. स्लीप स्टडीत एएचआय ३४ आला, म्हणजे तासाला ३४ वेळा श्वास अडकत होता किंवा कमी पडत होता. ५ च्या आत नॉर्मल, ३० च्या वर सिव्हियर.

मशीन आलं, सोबत नाकापुरता मास्क. आठवड्यात एएचआय ४ वर, दुपारची पेंग गेली, घरचे खूश. घसा मात्र आधीपेक्षा वाईट!! सकाळी आवाजच फुटेना.

मशीनचा रिपोर्ट उघडला तर लीक भरपूर, आणि ते पण पहाटेच्या सुमारास. मास्क तर घट्ट होता. मग कळलं की हवा नाकातून आत जातेय आणि उघड्या तोंडातून बाहेर पडतेय, म्हणजे रात्रभर घशावर पंखा लावल्यासारखं. मी ऑनलाईन हनुवटीचा पट्टा मागवला, जबडा बांधला, तर ओठांच्या फटीतून फुरफुर आवाज यायला लागला, बायको म्हणाली यापेक्षा घोरणं बरं होतं.

डॉक्टरांनी तपासलं तर नाक आतून सुजलेलं. नाक बंद म्हणून तोंड उघडतं, तोंड उघडलं की हवा नाकातून एकाच दिशेने वाहत राहते, त्याने नाक अजून कोरडं पडून अजून चोंदतं. असं चक्र. म्हणून त्यांनी आधी नाकाचा स्प्रे दिला, झोपण्याआधी सलाईनने नाक धुवायला सांगितलं, आणि मी १ वर ठेवलेला ह्युमिडिफायर, म्हणजे पाण्याच्या टाकीतून मशीनची हवा ओलसर करणारा भाग, ४ वर नेला. (तोंडाला टेप लावू का विचारलं, तर नाक बंद असताना अजिबात नाही म्हणाले.)

स्प्रेचा फरक लगेच नाही दिसत, मला तीन आठवडे लागले. मग एका सकाळी उठलो आणि तासाभराने लक्षात आलं की आज पाणी प्यायलोच नाहीये.

थंडीत एक नवीन ताप झाला, नळीत पाणी साचून गुडगुड, एकदा नाकात थेंब पण गेला. खोली गार असेल तर वाफ नळीतच थंड होऊन पाणी होतं. गरम होणारी नळी घेतल्यावर ते थांबलं. टाकीत डिस्टिल्ड वॉटरच घालतो, बोअरच्या पाण्याने चार दिवसांत पांढरा थर धरला होता.

सर्दी झाली की सगळं मुसळ केरात, त्यासाठी तोंड-नाक दोन्ही झाकणारा मास्क वेगळा ठेवलाय. तो गालावर वळ उमटवतो आणि दाढी वाढली की गळतो, त्यामुळे सर्दी असताना रात्री दाढी करून झोपतो, पोरं हसतात.