इओसिनोफिल वाढले की बेसोफिल? सीबीसीच्या रिपोर्टमधल्या दोन ओळी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात साधा खोकला घेऊन दवाखान्यात गेलं तरी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, लिहून दिली जाते. रिपोर्ट हातात येतो आणि इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींच्या एका प्रकारासमोर १२ टक्के ठळक अक्षरांत दिसतं. मग कुणी म्हणतं अ‍ॅलर्जी, कुणी म्हणतं जंत. त्याच्याच खाली बेसोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी असतात, १ किंवा २ टक्के, आणि त्यांच्याकडे कुणी बघत नाही. बहुतेक वेळा ते बरोबरच असतं, पण कधीकधी ती खालची ओळच जास्त महत्त्वाची ठरते.

आधी टक्केवारी सोडा आणि प्रत्यक्ष संख्या काढा. एकूण पांढऱ्या पेशींना टक्क्यांनी गुणायचं आणि शंभरानं भागायचं. पांढऱ्या पेशी ४,२०० आणि इओसिनोफिल ८ टक्के असतील तर संख्या येते ३३६. टक्का जास्त दिसला तरी ही वाढ नाही, कारण दर घनमिलिमीटरला साधारण ५०० पर्यंतची संख्या नेहमीची धरतात. पण पांढऱ्या पेशी ९,६०० आणि इओसिनोफिल १४ टक्के असतील तर १,३४४ होतात, आणि ही खरी वाढ आहे. ५०० ते १,५०० सौम्य, १,५०० ते ५,००० मध्यम आणि त्यावर तीव्र, असं ढोबळमानानं मोजतात. बेसोफिलची मर्यादा बरीच खाली, १०० ते २०० च्या आसपास असते. लॅबप्रमाणे ती थोडी बदलते, म्हणून रिपोर्टवर छापलेली मर्यादाही बघावी.

अ‍ॅलर्जीत दोन्ही पेशी कामाला लागतात, पण वेगवेगळ्या वेळी. बेसोफिलच्या पृष्ठभागावर आयजीई प्रतिद्रव्यं चिकटलेली असतात. ज्याची अ‍ॅलर्जी आहे तो कण त्यांना भिडला की काही मिनिटांत हिस्टामिन बाहेर पडतं, आणि शिंका, खाज, अंगावर पित्त उठणं सुरू होतं. इओसिनोफिल मागाहून, काही तासांनी, नाकात आणि श्वासनलिकेत जमतात आणि सूज टिकवून धरतात. गंमत अशी की अ‍ॅलर्जीचा भर असताना रक्तातले बेसोफिल वाढतातच असं नाही. ते ऊतींमध्ये निघून गेल्यामुळे उलट कमीही दिसू शकतात. म्हणून बेसोफिल नेहमीइतके असले तरी अ‍ॅलर्जी नाही असं म्हणता येत नाही. इओसिनोफिलचाही तोच प्रकार आहे: काँग्रेस गवताच्या दिवसांत नाक गळणाऱ्याची किंवा तंबाखूच्या धुळीत काम करणाऱ्याची संख्या कधी नेहमीचीच असते, कधी ६००-८०० असते. नुसत्या अ‍ॅलर्जीनं ती १,५०० च्या वर जाणं कमी वेळा दिसतं. गेली तर जंत, औषध किंवा आणखी काही कारण शोधायला हवं.

जंतांच्या बाबतीत इओसिनोफिलची ओळ खूप काही सांगते, पण सगळे जंत सारखे नसतात. जे जंत किंवा त्यांच्या अळ्या ऊतींमधून प्रवास करतात, त्यांच्यामुळे संख्या वाढते: अंकुशकृमी, स्ट्राँगिलॉइडिस, हत्तीरोगाचे जंत, फुप्फुसातून जाणाऱ्या गोलकृमीच्या अळ्या. अमीबा किंवा जिआर्डियामुळे जुलाब झाले तर इओसिनोफिल सहसा वाढत नाहीत. जुलाब आहेत आणि इओसिनोफिलही वाढलेत, तर त्यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. मुलांच्या गुदद्वाराला खाज आणणाऱ्या बारीक जंतांमुळेही रक्तात फारसा फरक दिसत नाही. बेसोफिल तर या सगळ्यात रक्ताच्या चाचणीत जवळजवळ गप्पच राहतात.

समजा, खानापूर तालुक्यात अनवाणी भातलावणी करणारी एक बाई आहे. आधी पायाच्या बोटांमध्ये खाज सुटली, दोन आठवड्यांनी कोरडा खोकला सुरू झाला. रिपोर्टमध्ये वरचाच आकडा, १,३४४. बेसोफिल १ टक्का, म्हणजे ९६. शौचाच्या तपासणीत काही सापडलं नाही. इथेच सर्वात जास्त चूक होते. अंकुशकृमीची अळी पायातून शिरते, रक्तातून फुप्फुसात आणि तिथून आतड्यात जाते, आणि अंडी पडायला साधारण पाच ते आठ आठवडे लागतात. म्हणजे इओसिनोफिल वाढलेले असतानाच शौचात अंडी नसतात. एका तपासणीवर जंत नाहीत म्हणणं घाईचं आहे. महिन्या-दीड महिन्यानं, वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने द्यावेत, आणि नमुना ताजा असावा. उष्ण हवेत तो दिवसभर पडून राहिला तर अंड्यांतून अळ्या निघतात आणि अंकुशकृमी स्ट्राँगिलॉइडिससारखा वाटू शकतो. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण अंकुशकृमीला अल्बेंडाझोलच्या ४०० मिलिग्रॅमच्या एका गोळीनं सहसा भागतं, पण स्ट्राँगिलॉइडिसला ती पुरेशी पडत नाही. त्याला आयव्हरमेक्टिन चालतं, आणि तेही डॉक्टरनं वजन बघून ठरवायचं असतं.

हाच खोकला रात्री जास्त येत असेल, दम्यासारखी घरघर असेल आणि संख्या ३,००० च्या वर असेल, तर हत्तीरोगाच्या जंतांमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचा विचार होतो. कलबुर्गी, बिदर, यादगिरीकडे कामासाठी राहून आलात का, हे डॉक्टरला आवर्जून सांगा. यात दम्याचे पंप पुरत नाहीत.

औषधांचंही विसरू नये. फिट्सच्या किंवा युरिक अ‍ॅसिडच्या गोळ्या सुरू केल्यावर ताप, अंगभर पुरळ आणि वाढलेले इओसिनोफिल एकत्र दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. संख्या १,५०० च्या वर टिकून असताना छातीत दुखणं, दम लागणं किंवा हातापायाला मुंग्या असतील तरही थांबू नका.

आता बेसोफिल. त्यांची पहिली अडचण मोजण्यात आहे. स्लाइडवर शंभर पेशी मोजल्या तर एकच बेसोफिल म्हणजे १ टक्का. दुसरा दिसला की २ टक्के, आणि पांढऱ्या पेशी १०,००० असतील तर संख्या थेट २०० वर. यंत्रही कधी इतर पेशींना बेसोफिल समजतं. म्हणून एकट्या २ टक्क्यांवर घाबरू नये. काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी आणि स्लाइड माणसाच्या डोळ्यांनी बघितली आहे ना ते विचारावं. वाढ खरीच निघाली तर थायरॉइड मंद असणं, लोहाची कमतरता, आतड्याची जुनी सूज अशी कारणंही असतात. पण पांढऱ्या पेशी ३८,००० आणि बेसोफिल ६ टक्के, म्हणजे २,२८०, आणि सोबत डाव्या बरगडीखाली जडपणा, वजन घटलेलं, असं चित्र असेल तर अ‍ॅलर्जी किंवा जंत शोधत बसू नये. हे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियासारख्या रक्ताच्या आजाराचं चित्र आहे आणि त्यासाठी बीसीआर-एबीएल ही चाचणी लागते. अशा रुग्णात इओसिनोफिलही वाढलेले असतात, म्हणून फक्त वरची ओळ वाचणारा फसतो.

कमी आकडाही फसवतो. प्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉइड घेतलं की इओसिनोफिल काही तासांत खाली येतात. मोठ्या जिवाणूसंसर्गातही तसंच होतं. खोकल्यासाठी मिळालेल्या गोळ्यांत स्टिरॉइड असेल तर दुसऱ्या दिवशीचा रिपोर्ट निरर्थक ठरू शकतो, म्हणून रक्त आधी द्यावं आणि गोळ्या नंतर घ्याव्यात. याचा दुसरा भाग जास्त गंभीर आहे: पोटात स्ट्राँगिलॉइडिस असताना स्टिरॉइडचा मोठा कोर्स दिला, तर अळ्या अंगभर पसरून जीव धोक्यात येऊ शकतो. इओसिनोफिल वाढलेले, कारण माहीत नाही आणि दम्यासाठी लांबचं स्टिरॉइड सुचवलंय, तर आधी या जंताची तपासणी करायची का हे विचारा. जंतावर उपचार झाल्यावरही संख्या लगेच उतरत नाही. सुरुवातीला ती थोडी वाढूही शकते, आणि खाली यायला आठवडे किंवा महिने लागतात. आठ दिवसांनी केलेली सीबीसी म्हणून काहीच ठरवत नाही.