सात महिन्यांनंतर: गादी बदलली, कंबर सुटली, मान धरली

या गादीबद्दल लिहायला मी मुद्दाम सात महिने थांबले. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते आणि तिसऱ्या आठवड्यात त्यातले तीन परत मागितले असते.

आधी माझं सांगते, कारण वजन आणि झोपायची सवय न सांगता दिलेला गादीचा अभिप्राय कुणाच्याच कामाचा नसतो. वय 46, वजन 58 किलो. झोपते डाव्या कुशीवर, पहाटेकडे कधी पालथी होते ते मला कळत नाही. नोकरी बसून करायची. गेल्या वर्षी पावसाळ्यापासून सकाळी उठलं की कंबर लाकडासारखी व्हायची. बेसिनवर वाकून चूळ भरता येईना. अंघोळ होईपर्यंत, म्हणजे वीसेक मिनिटांत, सुटायची आणि मग दिवसभर काही नाही. दिवाळीत माहेरी चार रात्री झोपले आणि चारही सकाळी ठणठणीत उठले. तेव्हा कुठे संशय गादीवर गेला.

तरी आधी फिजिओथेरपिस्ट ताईंकडे गेले. त्यांनी एवढंच विचारलं: ताठरपणा अर्ध्या तासाच्या वर टिकतो का, उत्तररात्री दुखण्यानेच जाग येते का, दिवसाही विश्रांतीने वाढून हालचालीने कमी होतं का, हातापायाला मुंग्या किंवा बधिरपणा, ताप, वजन उतरणं असं काही? यातलं काही असेल, विशेषतः वय कमी असेल आणि तीन महिन्यांच्या वर चाललं असेल, तर गादीच्या दुकानात नाही, डॉक्टरांकडे जायचं. सांध्यांना सूज आणणारे काही आजार सुरुवातीला अगदी असेच दिसतात. माझ्या बाबतीत उत्तरं ‘नाही’ होती. मग त्यांनी घरी जाऊन गादीवर दोरी ताणायला सांगितली.

हे सगळ्यांनी करून बघण्यासारखं आहे. गादीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सुतळी ताणून धरायची आणि जिथे कंबर येते तिथे पट्टी उभी लावायची. आमची कापसाची गादी अकरा वर्षांची, आणि पिंजाऱ्याकडे शेवटची कधी गेली ते घरात कुणालाच आठवेना. माझ्या बाजूला साडेचार सेंटीमीटरचा खड्डा निघाला. म्हणजे रात्रभर माझे नितंब खाली आणि पाय-खांदे वर, अशी मी झोळीत झोपत होते.

सासूबाईंचा उपाय तयारच होता. “आमच्या वेळी कुठे होत्या गाद्या? खाली सतरंजी टाक आणि झोप, चार दिवसांत पाठ सरळ होईल.” नऊ रात्री झोपले. खरं सांगायचं तर उताणी पडलं की बरं वाटायचं. पण मी उताणी झोपतच नाही. कुशीवर वळलं की सगळा भार खांद्यावर आणि नितंबाच्या हाडावर. त्या दोन टेकूंच्या मधली कंबर अधांतरी लोंबकळते. खांदा बधिर होऊन दोनदा जाग आली. सासूबाईंना जमिनीवर गाढ झोप लागते, कारण त्या आयुष्यभर उताण्याच झोपत आल्यात.

“पाठ दुखते? मग कडक गादी घ्या,” हे मला निदान दहा जणांनी सांगितलं. दुकानात तर ‘ऑर्थो’ हा शब्द बहुधा ‘कडक’ एवढ्याच अर्थाने वापरतात. काथ्याच्या चार इंची गादीवर मोठ्या अक्षरात ऑर्थो लिहिलेलं होतं. फिजिओ ताईंनी मात्र एक अभ्यास सांगितला होता. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या 313 जणांना दोन गटांत विभागून कडक किंवा मध्यम-कडक गादी दिली आणि 90 दिवसांनी तपासलं. मध्यम-कडक गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं होतं. 2003 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये तो छापून आला. अर्थात ‘मध्यम’ म्हणजे नेमकं किती, हे दुकानातला फलक सांगत नाही, आपलं शरीरच सांगतं.

दुकानदाराने दुसरा गोंधळ घातला तो डेन्सिटीचा. “मॅडम, 40 डेन्सिटी आहे, म्हणजे एकदम कडक.” डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो. त्यावरून फोम किती वर्षं दबणार नाही याचा अंदाज येतो. कडकपणा वेगळी गोष्ट आहे, 40 डेन्सिटीचा मऊ फोमही असतो. म्हणून मी विचारणं सोडलं आणि चप्पल काढून आडवी झाले. उताणी झोपून कमरेखाली तळहात सरकवून पाहिला. हात आरपार मोकळा फिरला तर गादी मला कडक, अजिबात शिरलाच नाही तर मऊ, आणि थोडा घासत गेला तर बरोबर. मग डाव्या कुशीवर पंधरा मिनिटं. दुकानातला मुलगा खालच्या मजल्यावरून दोनदा येऊन बघून गेला.

शेवटी घेतली ती सहा इंची: खाली चार इंच घट्ट फोम, वर दोन इंच लेटेक्स. खांदा वरच्या थरात रुततो आणि कमरेला खालचा थर उचलून धरतो, एवढंच त्यातलं शास्त्र. मेमरी फोम टाळला, कारण तो तापमानाप्रमाणे बदलतो. थंडीत आडवं होताना कडक लागतो, अंगाच्या उबेने मग मऊ होतो. आणि आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये तसंही अंग चिकटतं.

पहिले दहा दिवस स्वर्ग. कंबर आठवड्यात सुटली. आणि पंधराव्या दिवशी सकाळी मान उजवीकडे वळेना. स्कूटर मागे घेताना संपूर्ण धड फिरवावं लागलं. गादीला शिव्या घातल्या, परत करायची म्हणून फोनही हातात घेतला. दोष तिचा नव्हता. उशी जुनीच होती.

हे आधी कुणी सांगितलं नाही म्हणून सविस्तर लिहिते. कुशीवर झोपल्यावर उशीने कान आणि गादी यांच्यामधली जागा भरायची असते. मी भिंतीला खांदा टेकवून उभी राहिले आणि यांनी भिंतीपासून कानापर्यंत माप घेतलं: 13 सेंटीमीटर. सतरंजीवर खांदा रुतत नाही, म्हणून तिथे पूर्ण 13 लागतात. नव्या गादीत माझा खांदा तीनेक सेंटीमीटर आत जातो, म्हणजे मला हवी सुमारे 10 सेंटीमीटरची उशी, तीही डोक्याच्या भाराने दबल्यानंतरची. माझ्या दोन फायबरच्या उशा एकावर एक दबून 14 भरत होत्या. रात्रभर डोकं छताकडे ढकललेलं! गादी जितकी मऊ तितकी उशी बुटकी लागते आणि कडक गादीला उंच. एक बदललं की दुसरं मोजावंच लागतं.

नवी उशी लगेच घेतली नाही. एकच जुनी उशी ठेवली आणि तिच्याखाली अंघोळीचा टॉवेल घडी घालून सरकवला. एका घडीवर तीन रात्री, मग दोन घड्या, पुन्हा तीन रात्री. यांनी समोरून फोटो काढले. नाकाचा शेंडा, हनुवटी आणि छातीचं मधलं हाड एका रेषेत येतं का, एवढंच बघायचं. उशी उंच असली तर डोकं वर कलतं, बुटकी असली तर गादीकडे. फोटो काढताना “अगं, पोट आत नको घेऊस, नेहमीसारखी झोप” हेही ऐकावं लागलं.

उंची ठरल्यावर गादीवाल्याकडून सावरीच्या कापसाची उशी भरून घेतली. तिचा फायदा असा की शिवण उसवून मूठभर कापूस काढता येतो किंवा घालता येतो. मी दोनदा जाऊन कमी करून आणली. तोटा असा की ती दबत जाते. उन्हात टाकली की फुगते, पण चौथ्या महिन्यात पुन्हा मापात कमी भरली आणि थोडा कापूस घालावा लागला. उशी मानेखाली घ्यायची, खांद्याखाली नाही, ही सवय लागायला मला वेळ लागला.

आता राहिलं पालथं होणं. पालथं झोपलं की श्वास घ्यायला मान एका बाजूला पूर्ण वळवावीच लागते आणि ती तासन् तास तशीच राहते. त्यावर कुठलीच उशी चालत नाही. मी पोटाशी जुनी गोधडी गुंडाळून लोडासारखी धरते. तिच्यावरून पालथं होता येत नाही. गुडघ्यांमध्ये एक पातळ उशी, म्हणजे वरचा पाय पुढे पडून कमरेला पीळ पडत नाही. ती बहुतेक रात्री पहाटे पलंगाखाली सापडते, पण तोवर काम झालेलं असतं.

सकाळच्या ताठरपणाचा थोडा भाग कुठल्याच गादीने जात नाही, हेही सांगायला हवं. रात्रभर आडवं असताना मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. आपण सकाळी सेंटीमीटरभर उंच असतो ते त्यामुळेच. फुगलेल्या चकतीवर वाकताना ताण जास्त येतो. म्हणून मी आता कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हाताने रेटा देत उठते. पहिला तासभर खाली वाकायचं काम नाही. केर, पाण्याची बादली हे सगळं नंतर. या एका बदलाने उरलेली कुरकुर जवळजवळ थांबली.

गादीची आजची अवस्था: सुतळी लावून माझ्या बाजूला अर्धा सेंटीमीटर, ह्यांच्या बाजूला सव्वा. हे 84 किलोचे, उताणे झोपतात आणि त्यांना गादी ‘जरा मऊच’ वाटते. त्यांची कंबर त्यात थोडी जास्त बसते, हे मलाही फोटोत दिसलं. दोघांच्या वजनात एवढा फरक असेल तर डबल बेडवर दोन वेगळ्या सिंगल गाद्या घेणं शहाणपणाचं झालं असतं. वॉरंटीच्या कागदावर एक इंचाहून जास्त खड्डा पडला तरच बदलून मिळेल असं बारीक अक्षरात आहे. वरचा थर वेगळा असल्याने गादी उलटता येत नाही. दर दोन महिन्यांनी डोक्याकडची बाजू पायाकडे करतो. जड आहे, दोघं लागतात. कडेला बसून मोजे घालायला गेलं की कड दबते. पहिला आठवडा रबराचा वास होता.

गेल्या महिन्यात कोल्हापूरला लग्नाला गेलो होतो. हॉलवर पातळ गाद्या आणि विटेसारख्या उशा. मी पिशवीतून टॉवेल काढला, घडी केली आणि झोपले. सासूबाई शेजारी सतरंजीवर उताण्या, माझ्या आधी घोरायला लागल्या.