मदरबोर्ड बदलल्याचे 5,800 घेतले, बिघाड होता रॅमच्या एका स्टिकमध्ये

ज्यांचा कॉम्प्युटर मधेच ब्लू स्क्रीन दाखवून रिस्टार्ट होतो आणि दुरुस्तीवाला "बोर्ड गेलाय" म्हणतो, त्यांनी पैसे काढण्याआधी हे वाचा. माझे 9,050 रुपये गेलेत, आणि त्यातले 6,400 तर सरळसरळ लुबाडलेत.

देवगड तालुक्यात खाडीकाठच्या गावात माझं छोटं काम आहे. आंब्याच्या पेट्यांची लेबलं, बागायतदारांची बिलं, ऑनलाइन फॉर्म. हाताखाली माणूस नाही, घर याच कॉम्प्युटरवर चालतं. एप्रिलमध्ये पेट्या वाशीला जायच्या घाईत लेबलची मोठी फाइल उघडली की ब्लू स्क्रीन. कधी दिवसभर काही नाही, कधी तासाभरात दोनदा. एकदा खाली MEMORY_MANAGEMENT लिहून यायचं, पुढच्या वेळी IRQL_NOT_LESS_OR_EQUAL, मग PAGE_FAULT_IN_NONPAGED_AREA. हे तिन्ही मी कागदावर लिहून दुकानात नेऊन दिले होते. कागद त्याने वाचलासुद्धा नाही.

आता मला माहीत आहे की त्या कागदावरच अर्धं निदान होतं. दर वेळी एकच कोड आणि एकाच ड्रायव्हरचं नाव येत असेल तर संशय ड्रायव्हरवर जातो. कोड सारखे बदलत असतील, आणि बंद पडण्याची वेळही ठरलेली नसेल, तर सगळ्यात आधी रॅम तपासायची असते. रॅममधली एखादी जागा बिघडली की तिथे जे काही ठेवलं जाईल तेच बिघडतं. कधी विंडोजचा भाग, कधी माझी फाइल. म्हणून प्रत्येक वेळी नवं कारण दिसतं. धंदा करणाऱ्याला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

पहिल्यांदा त्याने विंडोज नवीन टाकलं, 700 रुपये. ब्लू स्क्रीन परत आली. मग "काका, एसएमपीएस कमजोर आहे" म्हणून तो वीज पुरवणारा डबा बदलला, 1,950. परत तेच. मी स्वतः विचारलं, रॅम तर नाही ना? तर म्हणाला, "रॅम टेस्ट केली, एकही एरर नाही." त्याने चालवली होती ती विंडोजमधलीच mdsched.exe. ती वाईट नाही, पण आपण काही न निवडता चालवली तर मधल्या दर्जाची चाचणी होते. F1 दाबून Extended निवडली तर जास्त कसून तपासते. तिने एरर दाखवली तर रॅम किंवा तिच्या बसण्याच्या जागेत गडबड आहे असं समजा. दाखवली नाही तर रॅम चांगली आहे असं मात्र समजू नका.

शेवटी "मदरबोर्ड मेला, सेम मॉडेलचा मिळतोय" म्हणून बोर्डाचे 5,800 आणि बसवायचे 600 घेतले. जुना बोर्ड मागितला तर "तो बायबॅकमध्ये गेला." बिल म्हणजे पॅडच्या कागदावर एक ओळ, सीरियल नंबर नाही, जीएसटी नाही. हंगामात माणूस बिलावर वाद घालत बसेल की पेट्या पाठवेल?

ज्या क्षणाने मला आजही झोप येत नाही तो हा. घरी आणून मी मागच्या वायरी जोडत होतो. आमच्याकडे खारा वारा थेट खिडकीतून येतो, दोन-तीन वर्षांत यूएसबीच्या तोंडाला तांबूस गंज धरतो. प्रिंटरची पिन घातली तेव्हा तोच गंज बोटाला लागला. "नवा" बोर्ड, आणि त्याच्या यूएसबीला माझ्या घरचा गंज! मी बोट पंचाला पुसलं आणि पिन आत ढकलली. वर विंडोजनेही एका शब्दाने कुरकुर केली नाही. मशीनबरोबर घेतलेलं लायसन त्या मशीनच्या बोर्डाशी बांधलेलं असतं. बोर्ड बदलला की बहुतेक वेळा विंडोज अॅक्टिव्हेट नाही असा संदेश येतो. माझ्याकडे सगळं जसंच्या तसं. पण दुकानदाराने बदलला असं सांगितल्यावर कोण उठून तो बदललाय का ते तपासतं? डॉक्टरने टाके घातले म्हटल्यावर आपण पट्टी सोडून बघत नाही.

पुढचे काही दिवस मशीन बरं चाललं, त्यामुळे शंकेला जागाच उरली नाही. त्याचं कारण नंतर कळलं. हंगाम उतरला होता, मोठ्या फाइली उघडतच नव्हतो. रॅम फारशी भरली नाही तर ती बिघडलेली जागा वापरात यायची शक्यता कमी असते. दुकानातही नुसता डेस्कटॉप चालू ठेवून "बघा, चालतंय" म्हणतात ते म्हणूनच. तुमचं रोजचं सगळ्यात जड काम तिथे उघडून बघा, तासभर चालवा, मगच पैसे द्या.

मे अखेरीस भाचा सुट्टीला आला आणि त्याने MemTest86 पेनड्राइव्हवर घेतलं. हे विंडोजच्या बाहेर, पेनड्राइव्हवरूनच सुरू होतं, म्हणून जवळजवळ सगळी रॅम तपासता येते. फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्या होतात. त्याआधी बायोसमध्ये जाऊन त्याने रॅमचा वाढीव वेग, म्हणजे XMP, बंद केला. कधी कधी रॅम चांगली असते पण वाढीव वेग तिला झेपत नाही, आणि एरर तरी येतात. रात्री लावलं, मधे लाइट गेली, पुन्हा पहिल्यापासून. पहिली फेरी स्वच्छ गेली. दुसऱ्या फेरीत लाल ओळी आल्या. प्रत्येक ओळीत काय हवं होतं आणि काय मिळालं हे दोन आकडे शेजारी शेजारी, आणि फरक दर वेळी त्याच एका जागी. भाचा म्हणाला, एक एरर आली तरी रॅम नापास. इथे थोडं चालतं असं काही नसतं.

पण लाल ओळी आल्या म्हणून लगेच रॅम फेकायची नाही, कारण दोष स्टिकचा आहे, स्लॉटचा आहे की फक्त नीट न बसण्याचा, हे त्या ओळी सांगत नाहीत. आधी मशीन बंद करून वायर भिंतीतून काढली, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरलं म्हणजे आत उरलेला करंट जातो, आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मग आत हात घातला. स्लॉटच्या टोकाची कुलपं उघडून दोन्ही स्टिक काढल्या. सोनेरी दातांवर मळकट थर होता, खाऱ्या हवेत धूळ चिकटून बसते ती. आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसला. खोडरबर घासू नका, त्याचे कण स्लॉटमध्ये जातात. परत बसवताना स्टिकची खाच स्लॉटच्या उंचवट्याशी जुळवायची आणि दोन्ही टोकं अंगठ्याने सारखी दाबायची, कुलूप आपोआप "कट्" वाजून बसेपर्यंत. बऱ्याच मशीन इथेच बऱ्या होतात, आणि याला शून्य रुपये लागतात. पण माझी झाली नाही, लाल ओळी परत आल्या.

मग एकेक स्टिक. पहिली एकटीच ठेवली, चारही फेऱ्या स्वच्छ. ती काढून त्याच स्लॉटमध्ये दुसरी लावली, लाल ओळी. तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवली, तरी लाल ओळी. एरर स्टिकच्या मागे मागे गेली, म्हणजे दोष त्या स्टिकचा. एरर स्लॉटलाच चिकटून राहिली असती तर बोर्डाकडे बोट दाखवता आलं असतं. दुकानदाराला हे करायला एक रात्र मशीन चालू ठेवावं लागलं असतं, बस्स.

कॅबिनेट उघडंच होतं. माझ्या जुन्या बोर्डाचा खोका मी माळ्यावर जपून ठेवला होता. त्यावरचा सीरियल नंबर भाच्याने विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ही कमांड देऊन मशीनशी ताडून पाहिला:

```
Get-CimInstance Win32_BaseBoard | Select-Object Product, SerialNumber
```

दोन्ही नंबर एकच. "मामानु, ह्यो बोर्ड बदललोच नाय." काही बोर्डांत इथे नंबराऐवजी Default string एवढंच दिसतं, तेव्हा बोर्डावरचं स्टिकर वाचावं लागतं. रॅमसाठी याच कमांडमध्ये Win32_PhysicalMemory आणि PartNumber लिहिता येतं. मशीन दुकानात देण्याआधी दोन्हींचा फोटो काढून ठेवा, स्टिकही बदलून ठेवणारे आहेत. माझी खराब स्टिक वॉरंटीत होती. कुरिअरला 180 रुपये लागले, बदलून मिळाली. खरा खर्च एवढाच, 180.

एसएमपीएसचा मी हट्ट धरत नाही. तो खरंच नवा आहे, निदान चुकलं म्हणून सोडून देतो. पण न बदललेल्या बोर्डाचे पैसे ही चोरी आहे. दुकानदार म्हणतो, "बिलात लिहिलंय ना, बदललाय." पोलिसांकडे गेलो, तर "अहो काका, हा दिवाणी मामला आहे, ग्राहक आयोगात जा." खोका, फोटो, बिल सगळं टेबलावर ठेवलं होतं, हात लावला नाही. ग्राहक तक्रारीच्या फोनवर नंबर मिळाला आणि नंतर एक संदेश आला, की विक्रेत्याने सेवा दिल्याचं कळवलं आहे, तक्रार बंद. चोराला विचारलं, त्याने नाही म्हटलं, प्रकरण मिटलं! कुणी त्याला बोर्डाची खरेदी पावती दाखव म्हणालं का? पुढे एका कार्यालयात कारकुनाने ऐकवलं, "धंद्याचा कॉम्प्युटर, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही." हे साफ खोटं आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात लिहिलंय की स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरत नाहीत. मी एकटा माणूस, स्वतः बसून काम करतो. मला ग्राहक नाही म्हणायचा अधिकार त्या खिडकीला कुणी दिला? असं ऐकून किती जण तिथूनच घरी परतले असतील.

तुम्ही परतू नका. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे तक्रारीला फी नाही, वकील लागतोच असंही नाही, आणि घटनेपासून 2 वर्षांत तक्रार करायची असते. मी खोक्याचा फोटो, कमांडच्या निकालाचा फोटो, MemTest86 चा अहवाल आणि त्याचं ते पॅडवरचं बिल जोडलंय. बोर्डाचे 5,800, बसवणावळ 600, आणि मशीन बंद राहिल्याने बुडालेल्या कामाची भरपाई मागितली आहे. बिल कितीही फाटकं असलं तरी फेकू नका, त्याच्या अक्षरातला "मदरबोर्ड बदलला" हाच माझा सगळ्यात मोठा पुरावा आहे.